चौदावा पर्याय पहिला करू नका

वाचकांचं पत्र

नमस्कार. मुलाची जेईई मेनची खुल्या यादीतली रँक 24,600 आहे. आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणाऱ्या जोसाच्या चॉइस फिलिंगमध्ये त्याने एकवीस पर्याय भरले. काल पहिलं मॉक अलॉटमेंट आलं, त्यात चौदावा पर्याय लागला: भोपाळ मॅनिट, मेकॅनिकल. ह्यांचं म्हणणं, वरचे तेरा काढून मेकॅनिकल पहिल्या नंबरवर टाकावं, म्हणजे सीट पक्की होईल. कोचिंगमधल्या एका सरांनीही तेच सांगितलं. पुण्याचे माझे भाऊ म्हणतात, पहिला पर्याय लागला की अडकतो, तेव्हा तो जपून टाका. मुलगा म्हणतो, काही बदलू नका. घरात तीन दिवस कोणी धड जेवत नाही. आणखी एक, आम्ही मूळचे नागपूरचे, सासू-सासरे तिथेच असतात. मुलाची बारावी मात्र इंदूरची. नागपूरच्या व्हीएनआयटीत त्याला होम स्टेटचा फायदा मिळेल का?

एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर

ताई, मुलाचं बरोबर आहे. वरचे तेरा पर्याय जागच्या जागी राहू द्या. का, ते सावकाश सांगते. यजमानांना आणि फोनवर भावालाही वाचून दाखवा, कारण घरात प्रत्येकाच्या डोक्यात जोसाच्या या जागा वाटणाऱ्या यंत्राचं वेगळं चित्र आहे आणि भांडण त्या चित्रांचं आहे.

तुमच्या यजमानांच्या मनात जे चित्र असावं, ते असं: मेकॅनिकलच्या जागा वाटताना आधी ज्यांनी ती पहिल्या नंबरवर मागितली त्यांना देतात, मग दुसऱ्या नंबरवाल्यांना, आणि चौदाव्या नंबरवर मागणाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. अशी पद्धत जगात खरोखर होती. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात सरकारी शाळांचे प्रवेश अनेक वर्षं जवळपास असेच होत. चांगली शाळा पहिल्या नंबरवर मागितली आणि ती हुकली, तर दुसऱ्या नंबरची शाळाही तोवर भरलेली असे. म्हणून तिथले पालक मनातली शाळा सोडून मिळेलशी शाळा आधी लिहीत. 2005 मध्ये त्या शहराने ती पद्धत सोडली. तेव्हा यजमानांची भीती वेडी नाही, फक्त ती दुसऱ्या पद्धतीची आहे. जोसा तशी चालत नाही.

जोसात कॉलेजला तुमच्या मुलाची रँक दिसते, पण त्याने ते कॉलेज कितव्या नंबरवर लिहिलं ते दिसत नाही. सगळी गोम या एका वाक्यात आहे. पसंतीचा क्रम फक्त तुमच्या मुलाच्या कामाचा आहे. त्याला काय आधी द्यायचा प्रयत्न करायचा, एवढंच यंत्र त्यावरून ठरवतं.

एक लहान उदाहरण घेऊ. नावं आणि आकडे समजावण्यापुरते आहेत. समजा तीनच जागा आहेत: भोपाळ कॉम्प्युटर, नागपूर इलेक्ट्रॉनिक्स आणि भोपाळ मेकॅनिकल. मुलं चार. कावेरीची रँक 9,000, निनादची 16,000, तुमच्या मुलाची 24,600 आणि तुषारची 31,000. कावेरीने भोपाळ कॉम्प्युटर पहिलं लिहिलंय, निनादने नागपूर इलेक्ट्रॉनिक्स. तुमच्या मुलाने क्रम लावला: भोपाळ कॉम्प्युटर, नागपूर इलेक्ट्रॉनिक्स, भोपाळ मेकॅनिकल. तुषारने कोणाचा तरी सल्ला ऐकून मेकॅनिकल एकदम पहिल्या नंबरवर टाकलं.

यंत्र सुरुवातीला प्रत्येकाला त्याच्या पहिल्या पसंतीच्या दारात उभं करतं. भोपाळ कॉम्प्युटरच्या दारात कावेरी आणि तुमचा मुलगा, जागा एक. कावेरीची रँक वरची, म्हणून ती थांबते आणि तुमचा मुलगा तिथून निघतो. तो त्याच्या दुसऱ्या पसंतीकडे, नागपूर इलेक्ट्रॉनिक्सकडे जातो. तिथे निनाद आहे, रँक वरची, त्यामुळे पुन्हा नकार. आता तो तिसऱ्या दाराशी येतो, मेकॅनिकलच्या. तिथे तुषार पहिल्यापासून बसलेला आहे. तुमच्या यजमानांच्या चित्रात इथे दार बंद होतं. खऱ्या यंत्रात होत नाही, कारण तुषारची जागा अजून कच्ची आहे. यंत्र विचारतं, रँक कोणाची वरची? 24,600 ही 31,000 च्या वर आहे. तुषारला उठावं लागतं आणि जागा तुमच्या मुलाला मिळते. उशिरा आला म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. पहिल्या नंबरवर लिहिलं म्हणून तुषारला काही जास्तीचं मिळालं नाही. कोणालाच कुठून उठावं लागत नाही, तोवर हे चालू राहतं. मगच सगळ्या जागा पक्क्या होतात.

आता यजमानांच्या म्हणण्याप्रमाणे करून पाहू. तुमच्या मुलाने मेकॅनिकल पहिलं लिहिलं. तो थेट तिथे गेला, तुषार उठला, जागा मिळाली. म्हणजे तीच जागा, काडीचा फरक नाही. आणि आता समजा निनादने शेवटच्या दिवशी दुसऱ्या कुठल्या खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला आणि तो या यादीतून गळला. मूळ यादी असती तर नागपूर इलेक्ट्रॉनिक्स तुमच्या मुलाला मिळालं असतं. बदललेल्या यादीत तो मेकॅनिकलमध्येच बसलेला, कारण यंत्राला त्याने सांगितलंय की मला हेच सगळ्यांत जास्त हवं. वर नेल्याने सीट पक्की होत नाही, ती जेवढी पक्की असते तेवढीच राहते, आणि वरच्या तेरांपैकी एखादी उघडली तर ती हातची जाते.

ही रीत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी 1962 साली एका छोट्याशा निबंधात मांडली होती. पुढे 2012 साली शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच कामाच्या धाग्यावर. हे सांगायचं कारण असं की खरी पसंती लिहिणाऱ्याचं या रीतीत नुकसान होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. कोचिंगमधल्या सरांचा अनुभव कितीही असो, पण सीट पक्की करायला खालचा पर्याय वर न्या हा सल्ला इथे लागू पडत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग सरळ एक नंबरपासून एकेकाला बोलवून उरलेल्यातून निवडायला का सांगत नाहीत, ही उठाबस कशाला? तुमच्या नागपूरच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. रांग एक नाही. एनआयटीत साधारण निम्म्या जागा त्या राज्यातून बारावी केलेल्यांच्या आणि निम्म्या बाहेरच्यांच्या. शिवाय खुल्या जागा वेगळ्या, ओबीसी, ईडब्ल्यूएस, एससी, एसटीच्या वेगळ्या, मुलींसाठी राखलेल्या वेगळ्या. एकच मुलगा भोपाळच्या दारात घरच्या रांगेत उभा असतो आणि नागपूरच्या दारात बाहेरच्या रांगेत.

होम स्टेट ठरतं ते बारावी जिथून उत्तीर्ण झाली त्या राज्यावरून. आजी-आजोबांचं घर, जन्मगाव, आधारवरचा पत्ता, घरात बोलायची भाषा, यातलं काही चालत नाही. तुमच्या मुलाची बारावी इंदूरची, म्हणून त्याची घरची एनआयटी भोपाळची मॅनिट. व्हीएनआयटीत तो बाहेरच्या राज्याच्या जागांसाठीच धरला जाईल. त्यामुळे नागपूरचा मागच्या वर्षीचा क्लोजिंग रँक, म्हणजे शेवटची सीट ज्या रँकला मिळाली तो आकडा, पाहताना होम स्टेटच्या ओळीत पाहू नका, अदर स्टेटच्या ओळीत पाहा. या दोन ओळींत पुष्कळदा मोठं अंतर असतं, आणि आपल्याकडची मराठी घरं हमखास चुकीची ओळ वाचतात. अकरावी-बारावीला मुलं कोट्याला पाठवणाऱ्यांनीही हे आधीच ध्यानात घ्यावं. बारावीची परीक्षा राजस्थानच्या शाळेतून दिली तर घरची एनआयटी जयपूरची होते, भोपाळ परकं होतं. शाळेत नाव घालताना हे कोणी सांगत नाही आणि दोन वर्षांनी चॉइस फिलिंगच्या रात्री कळतं.

भावाच्या बोलण्याकडे येते. ते पुण्याचे, त्यांच्याकडे इंजिनिअरिंग प्रवेशाची महाराष्ट्राची कॅप पद्धत आहे. तिथे पहिला पर्याय लागला की तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. म्हणून ते जपून टाका म्हणतात. नियम त्यांनी बरोबर सांगितला, पण त्याचा अर्थ तुमच्या घरात उलटा लागला. पहिला पर्याय लागल्यावर अडकतो कोण? ज्याने मनात नसलेला पर्याय पहिला लिहिला तो. खरंच सगळ्यांत आवडता पर्याय पहिला असेल आणि तो लागला, तर पुढे जायचं कुठे? जोसातही पहिला पर्याय लागल्यावर वर काही उरतच नाही. तेव्हा भावाचा सल्ला नीट वाचला तर तोच सांगतो की मेकॅनिकल पहिल्या नंबरवर टाकू नका. ते टाकलंत आणि लागलं, की पुढच्या सगळ्या फेऱ्या तुमच्यासाठी संपल्या.

आणि फेऱ्यांमध्येच तर पुष्कळ हालचाल होते. जोसात 2015 पासून आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी यांच्या जागा एकाच वेळी वाटल्या जातात, त्यामुळे आयआयटी मिळालेला मुलगा एनआयटीची सीट अडवून बसत नाही. पण ज्यांना सीट मिळते त्यांतले काही जण फी भरत नाहीत, काहींचे कागद पडताळणीत अडकतात, काही राज्याच्या किंवा खासगी कॉलेजकडे जातात, काही मुदतीत माघार घेतात. त्यांच्या जागा पुढच्या फेरीत खुल्या होतात. प्रत्येक फेरीत यंत्र तीच लॉक केलेली यादी घेऊन सगळं नव्याने मांडतं. यादी पुन्हा भरायला मिळत नाही, म्हणून लॉक करण्याआधीची ही दोन-तीन रात्रींची मेहनतच सगळ्या फेऱ्यांना पुरते.

मॉककडे कसं पाहायचं तेही सांगते. मॉक म्हणजे त्या क्षणापर्यंत ज्यांनी जे भरलं त्यावर केलेली तालीम. कित्येक मुलांनी तोवर यादी भरलेलीच नसते, कित्येकांनी अर्धी भरलेली असते, आणि मॉक पाहून घाबरलेले पालक नंतर क्रम उलटेपालटे करतात. खऱ्या पहिल्या फेरीत तुम्हाला चौदाव्याच्या जागी अकरावा लागू शकतो, सतरावाही लागू शकतो. मॉकचा खरा उपयोग एवढाच: चुकून भलताच कोड टाकला गेलाय का, पाच वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स चार वर्षांचा समजून भरलाय का, खाली पुरेसे पर्याय आहेत का, हे तपासायला. क्रम बदलायला मॉक वापरू नका.

आता जिथे खरं नुकसान होतं तिथे येते, कारण यादी खरी लिहा म्हणणं सोपं आणि खरी यादी लिहिणं अवघड. माझ्या सख्ख्या भाच्याच्या वेळी आम्ही हे चुकलो, आणि त्या चुकीत माझाही हात होता.

त्याच्या यादीत सातव्या नंबरवर ग्वाल्हेरची ट्रिपल आयटी होती. आमचं माहेरचं घर तिथे लष्कर भागात, त्याला ते गाव ओळखीचं, आणि त्याला कॉम्प्युटरच शिकायचं होतं. पण एका सल्लागाराने आमच्याकडून पैसे घेऊन सांगितलं, एनआयटीचा ठप्पा कधीही वरचा, लागतं का बघा, टाकायला काय जातं? म्हणून आम्ही पाचव्या नंबरवर देशाच्या दुसऱ्या टोकाच्या एका एनआयटीचं मेटलर्जी टाकलं. त्या शाखेत तो काय करणार होता, हे आमच्यापैकी कोणी त्याला विचारलं नाही. पहिल्या फेरीत ग्वाल्हेर लागलं. घरात पेढे आले. आम्ही फ्लोट निवडलं, कारण वर काही चांगलं मिळालं तर बरंच. तिसऱ्या फेरीत यंत्राने त्याला पाचव्या नंबरवर नेलं. आम्ही मागितलं होतं तेच त्याने दिलं. ग्वाल्हेरची सीट त्याच क्षणी दुसऱ्याला गेली, परत येत नाही. त्या रात्री तो गच्चीत जाऊन बसला होता, आणि त्याला काय म्हणावं ते मला सुचलं नाही.

टाकायला काय जातं, या वाक्याची मला तेव्हापासून धास्ती वाटते. वर टाकलेली प्रत्येक ओळ म्हणजे यंत्राला दिलेला हुकूम आहे: खालचं मिळालेलं असलं तरी ते काढून घ्या आणि मला हे द्या. तो हुकूम खरा आहे का, एवढंच पाहायचं. चांगल्या कॉलेजचं स्वप्न वर लिहायला काही हरकत नाही, रँक कितीही दूर असो. नको असलेलं कॉलेज नावासाठी वर लिहिलं की घात होतो.

म्हणून आता मी पालकांना चिठ्ठ्या करायला सांगते. कोऱ्या कागदाच्या एकवीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक कॉलेज आणि एक शाखा. मुलाला टेबलाशी बसवा, तुम्ही दोघं बाजूला. पहिली चिठ्ठी ठेवा. दुसरी हातात घ्या आणि एकच प्रश्न विचारा: या दोन्ही ठिकाणची प्रवेशपत्रं आज पोस्टमन देऊन गेला, तर तू कुठे जाशील? जिथे जाईल ती वर. तिसरी चिठ्ठी घेतली की पहिल्या दोघींशी ताडून बघा आणि तिची जागा शोधा. असं करत एकवीस लावा. लागेल का, हा शब्द त्या टेबलावर काढायचा नाही. रँक कोणालाही आठवायची गरज नाही, ते काम यंत्राचं.

हे करताना मुलं कधी कधी अडकतात. भोपाळ इलेक्ट्रिकलपेक्षा नागपूर बरं, नागपूरपेक्षा ग्वाल्हेर बरं, आणि ग्वाल्हेरपेक्षा पुन्हा भोपाळ इलेक्ट्रिकल बरं, असं चक्र होतं. तसं झालं की समजा, त्याच्या मनात दोन गोष्टी भांडतायत, बहुधा गाव आणि शाखा. तिथे थांबा, चहा करा, आणि त्या दोघांपैकी त्याला चार वर्षं रोज काय सोसायचं आहे ते बोलून घ्या. याला एक संध्याकाळ गेली तरी चालेल. मुलाने मेकॅनिकल चौदाव्या नंबरवर ठेवलंय, त्यामागे त्याचा असा काही विचार असणारच. त्याला विचारा, ऐकून घ्या. ऐकल्यावर यजमानांना वाटलं की मुलाचा विचारच चुकतोय, तर त्यावर जरूर बोलावं. पण मग वाद मेकॅनिकल चांगलं की इलेक्ट्रॉनिक्स, असा असू दे. सीट पक्की करण्याचा नको.

क्लोजिंग रँक मग कशाला पाहायचे? यादी किती खोल न्यायची ते ठरवायला. वरचा क्रम पसंतीने, तळ क्लोजिंग रँकने. जोसाच्या josaa.nic.in या साइटवर मागच्या वर्षांचे ओपनिंग आणि क्लोजिंग रँक फेरीनिहाय असतात. शेवटच्या फेरीचे पाहा, दोन-तीन वर्षांचे पाहा, आणि तुमच्या ओळीतलेच पाहा: खुली, तुमचा कोटा. राखीव जागांच्या ओळीत जो आकडा असतो तो त्या प्रवर्गातली रँक असतो, खुल्या यादीतली नव्हे. ते दोन आकडे एकमेकांशी ताडले की लोक उगाच हरखतात किंवा उगाच खचतात. तुमच्या 24,600 ला मागची वर्षं निवांत पुरतील असे तीन-चार पर्याय तळाशी असले की झालं. यजमानांना हवी असलेली सुरक्षितता इथे आहे, यादीच्या शेवटाला.

पण तळाला एक मर्यादा आहे, ती इंदूरच्या घरांसाठी महत्त्वाची. तुमच्या हाताशी घरचा पर्याय आहे: इंदूरचीच इंजिनिअरिंग कॉलेजं, एसजीएसआयटीएस आणि आयईटी. या दोन्ही ठिकाणचे प्रवेश राज्याच्या तंत्रशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीटीईच्या काउंसिलिंगमधून होतात. रँक जेईई मेनचीच, पण नोंदणी वेगळी, यादी वेगळी, तारखा वेगळ्या, आणि तिथे मूल निवासी प्रमाणपत्र लागतं. ती नोंदणी केली नसेल तर आजच करा. जोसात मिळेल म्हणून तिकडची तारीख चुकवलेली घरं मी पाहिली आहेत. मग चिठ्ठ्यांच्या रांगेत एक चिठ्ठी एसजीएसआयटीएसची ठेवा, त्याला तिथे ज्या शाखेची सीट मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून भरवशाची वाटते त्या शाखेची. मुलगा ती अठराव्या जागी ठेवतो असं धरा. म्हणजे त्याच्या खालचे तीन जोसाचे पर्याय त्याला घर सोडून घ्यायचेच नाहीत. ते फक्त तिकडची सीटही हुकली तर कामाचे. भरवसा पुरेसा असेल तर ते तीन काढून टाका, नसेल तर ठेवा.

पहिली फेरी लागली की काय करायचं, तेवढं शेवटी. सीट मिळाली तर दिलेल्या मुदतीत तीन कामं: ऑनलाइन स्वीकार, कागदपत्रं अपलोड आणि सीट ॲक्सेप्टन्स फी. यातलं एकही राहिलं तर सीट जाते आणि मुलगा पुढच्या फेऱ्यांतूनही बाहेर पडतो. चौदावा पर्याय लागला, तो आवडला नाही म्हणून फी न भरता पुढच्या फेरीची वाट पाहू, असं करता येत नाही. वर जायचं असेल तर आधी हातातलं स्वीकारावं लागतं. पडताळणी करणारे अधिकारी कागदांबद्दल काही विचारतात, त्याचं उत्तरही मुदतीतच द्यावं लागतं, म्हणून ते दिवस सकाळ-संध्याकाळ लॉगिन करून बघा. सीट मिळालीच नाही तर मात्र काही करावं लागत नाही, पुढच्या फेरीत नाव आपोआप धरलं जातं.

स्वीकारताना तीनांपैकी एक निवडायचं असतं. फ्रीझ म्हणजे हीच सीट, आता पुढे नको. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, पण यादीत वर लिहिलेली याच कॉलेजमधली शाखा मिळाली तर द्या. फ्लोट म्हणजे यादीतलं वरचं कुठलंही मिळालं तर द्या. चिठ्ठ्या खऱ्या लावल्या असतील तर फ्लोटला घाबरायचं कारण नाही, कारण प्रत्येक हालचाल तुमच्याच मनासारखी होईल. एखाद्या फेरीनंतर मन भरलं, मुलगा म्हणाला की आता हेच, तर फ्लोटवरून फ्रीझवर येता येतं. फ्रीझवरून परत मात्र जाता येत नाही. आणि तुमच्या भाषेत सांगायचं तर मेकॅनिकल मिळून तुम्ही फ्लोट ठेवलंत, तर मेकॅनिकल कुठेही जात नाही, वरचं काही मिळालं तरच ते सुटतं. यजमानांना हे वाक्य दोनदा वाचायला द्या.

दुसऱ्या मॉकनंतर यादी मुलानेच लॉक करावी, घरच्या लॅपटॉपवर, शेवटच्या तासाची वाट न पाहता. पासवर्ड कोचिंगमध्ये किंवा सायबर कॅफेत कोणाला दिला असेल तर आज रात्रीच बदला. लॉक करण्याआधी चिठ्ठ्यांची रांग आणि पडद्यावरची यादी एकेक ओळ मोठ्याने वाचून जुळवा, तुम्ही चिठ्ठी वाचा, त्याला पडदा वाचू द्या. लॉक झाल्यावर प्रिंट काढून ठेवा. मग सगळे जेवायला बसा.